खात्यावर दहा लाख सत्तर हजार, मग रस्ता का नाही?

ग्रामसभेत अर्थसंकल्प समजावून सांगणाऱ्या एका सरपंचाचं हे प्रकरण. गाव उदाहरणादाखल उभं केलेलं आहे आणि आकडे हिशेब डोक्यात राहावा म्हणून गोल केलेले आहेत. नियम मात्र त्या वर्षी महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना लागू असलेलेच. वर्ष 2025-26, म्हणजे पंधराव्या वित्त आयोगाच्या कालावधीचं शेवटचं वर्ष. लोकसंख्या 2,600, घरं 540, नळजोडण्या 480.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. या गावात मतदार एकोणीसशेच्या आसपास, म्हणजे 100 माणसं हवीत. अर्थसंकल्पाच्या सभेला एरवी गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यानं पुढच्या वेळी वीस-पंचवीस माणसांत सगळं मंजूर होऊन जातं. या वेळी 118 माणसं आली, कारण आदल्या आठवड्यात गावात एक आकडा फिरला होता. एका तरुणानं मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे पंचायतींच्या हिशेबाचं सरकारी पोर्टल उघडून वित्त आयोगाच्या खात्यावरची शिल्लक पाहिली, कुणी पासबुकांतले ग्रामनिधीचे, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या निधीचे, आणि पाणीपुरवठ्याचे आकडे त्यात मिळवले, आणि पारावर बातमी झाली की पंचायतीकडे दहा लाख सत्तर हजार पडून आहेत, तरी देवळाकडचा रस्ता होत नाही.

आकडा खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. सरपंचांचं त्या दिवशीचं खरं काम एवढंच होतं की आकडा न नाकारता निष्कर्ष दुरुस्त करायचा.

पहिली पंधरा मिनिटं वाया गेली

सभा सुरू झाली तशी बहुतेक गावांत होते तशीच. ग्रामसेवकांनी नमुना नंबर 1, म्हणजे अर्थसंकल्पाचा ठरलेला तक्ता, हातात घेतला आणि जमेची बाजू वाचायला सुरुवात केली. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात हाक अजून भाऊसाहेब हीच आहे.) घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, गाळेभाडे, दाखला फी. दहाव्या शीर्षापर्यंत मागच्या रांगा आपापसांत बोलायला लागल्या. पंधराव्याला एक म्हातारे तात्या उठून म्हणाले, "भाऊसाहेब, हे सगळं बरोबर असेल. पण दहा लाख सत्तर हजार कुठं आहेत ते सांगा आधी."

नमुना 1 हिशेबासाठी बनवलेला आहे, ऐकण्यासाठी नाही. त्यातली शीर्षं उत्पन्न कशातून आलं यावर लावलेली असतात आणि ऐकणाऱ्याचा प्रश्न असतो की पैसा कशावर खर्च करता येतो. या दोन गोष्टी एका कागदावर एका क्रमानं येत नाहीत. शिवाय अर्थसंकल्पाला आपण अंदाजपत्रक म्हणतो आणि अभियंत्यानं काढलेल्या कामाच्या किमतीलाही अंदाजपत्रकच म्हणतो. त्या सभेतही "रस्त्याचं अंदाजपत्रक झालंय ना, मग पैसे आहेतच की" असं एक जण मनापासून म्हणाला. पुढं सरपंचांनी दिवसभर एकाला अर्थसंकल्प आणि दुसऱ्याला एस्टिमेट एवढेच शब्द वापरले, आणि हे छोटं पथ्य फार उपयोगी पडलं.

सरपंचांनी वाचन थांबवलं. सभा शाळेच्या पटांगणात होती. वर्गातला फळा बाहेर आणून खुर्चीवर टेकवला आणि खडूनं चार उभे रकाने आखले: ग्रामनिधी, पाणी, वित्त आयोग बंधित, वित्त आयोग अबंधित. बंधित पैसा फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवर खर्च करता येतो, अबंधित गावाच्या गरजेप्रमाणे. वर एका ओळीत दहा लाख सत्तर हजारांची फोड मांडली. ग्रामनिधीत 1,10,000. पाणीपुरवठ्याच्या खात्यात 20,000. बंधितमध्ये 6,00,000. अबंधितमध्ये 3,40,000. बेरीज तात्यांनाच करायला सांगितली.

"जुळतंय," तात्या म्हणाले.

"आता यातले बोललेले पैसे वजा करू."

बंधितमधल्या 6,00,000 पैकी 5,20,000 खालच्या आळीतल्या सांडपाण्याच्या कामाचे होते. काम निम्मं झालेलं, कार्यारंभ आदेश दिलेला, फक्त बिल निघायचं बाकी. अबंधितमधले 2,60,000 अंगणवाडीच्या दुरुस्तीचे, तिथंही तीच अवस्था. बँकेच्या दृष्टीनं हे पैसे पंचायतीचे असतात. पंचायतीच्या दृष्टीनं ते कंत्राटदाराचं देणं असतात. मार्चअखेरीला पंचायतीची शिल्लक फुगलेली दिसते त्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे.

ग्रामनिधीतल्या 1,10,000 चा खुलासा लोकांना जास्त नवा होता. स्वउत्पन्नातला 15 टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. एखाद्या वर्षी तो खर्च झाला नाही तर पैसे मोकळे होत नाहीत, ते अनुशेष म्हणून पुढच्या वर्षात त्याच कामासाठी येतात. या गावात मागासवर्गीय हिश्श्यातले 58,000 आणि दिव्यांग हिश्श्यातले 22,000 मागच्या वर्षी खर्च झालेच नव्हते. हे सांगताना सरपंचांनी आवाज खाली घेतला नाही. चूक पंचायतीची आहे, दिव्यांगांची यादी अद्ययावत नव्हती म्हणून वाटप अडलं, असं सरळ सांगितलं. म्हणजे ग्रामनिधीत मोकळे फक्त 30,000.

फळ्यावर चौथी ओळ उमटली: 30,000, 20,000, 80,000 आणि 80,000. एकूण 2,10,000. त्यातलेही पाण्याचे 20,000 आणि बंधितचे 80,000 रस्त्याला चालत नाहीत. दहा लाख सत्तर हजारांमधून डांबर-काँक्रीटला लागू शकणारे पैसे एक लाख दहा हजार.

मागणी म्हणजे जमा नव्हे

इथपर्यंत जुन्या शिल्लकीचा हिशेब झाला. प्रश्न नव्या वर्षाच्या उत्पन्नाचा होता, आणि अर्थसंकल्प बिघडतो तो याच जागी.

ग्रामसेवकांच्या पहिल्या मसुद्यात घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर मिळून 7,12,000 जमा धरले होते. आकडा हवेतून आलेला नव्हता. नमुना 9 ची मागणी नोंदवही उघडली की चालू मागणी 4,20,000 आणि मागची थकबाकी 2,92,000 दिसते, बेरीज 7,12,000. कायद्यानं पंचायतीचं येणं तेवढंच आहे. पण मागच्या वर्षी 7,30,000 ची मागणी होती आणि वसूल झाले 4,38,000, म्हणजे 60 टक्के.

सरपंचांनी सभेपुढं मसुद्यातला 7,12,000 खोडला आणि 4,30,000 लिहिला. एक माजी सदस्य ताडकन उठले. आकडा कमी धरला की वसुलीचा नेट संपतो, थकबाकीदार मोकळे सुटतात, हा त्यांचा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. वसुलीचं उद्दिष्ट आणि खर्चाला धरायचा आकडा हे दोन्ही एकच मानले की ही अडचण येते. उद्दिष्ट 7,12,000 च राहतं, मागणीचं बिल प्रत्येकाला पूर्ण रकमेचंच जातं. खर्च मात्र जो पैसा येईल असा भरवसा आहे त्यावर बेतायचा.

त्यांना उत्तर म्हणून सरपंचांनी मागच्या वर्षीचाच अर्थसंकल्प काढला. त्यात खांबांवरच्या पंचवीस एलईडी दिव्यांसाठी 1,50,000 ची तरतूद होती. दिवे लागले नाहीत, आणि गावात त्यावरून वर्षभर कुजबुज होती की पैसे खाल्ले. फळ्यावर दोन आकडे एकाखाली एक आले. धरलेली जमा 7,30,000. आलेली जमा 4,38,000. फरक 2,92,000. दिव्यांची तरतूद या न आलेल्या पैशांत होती. तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी, खात्यात ठेवलेला पैसा नव्हे, हे वाक्य दहा वेळा सांगूनही जे पोचत नाही ते या तीन ओळींनी पोचलं. ज्या बाईंच्या दारापुढचा खांब अजून अंधारात आहे त्या म्हणाल्या, "मग गेल्या साली सभेत टाळ्या कशाला घेतल्या?" सरपंच म्हणाले, "काकू, घ्यायला नको होत्या."

मुद्रांक शुल्काच्या अनुदानाचं हेच. गावच्या हद्दीत जमिनीचे व्यवहार किती होतात आणि शासनाकडून वाटप कधी सुटतं, यावर ते अवलंबून. मागच्या तीन वर्षांत 90,000, शून्य आणि 45,000 असे आकडे आले होते. मसुद्यात सर्वांत मोठा, 90,000, धरला होता. सरपंचांनी तीन वर्षांची सरासरी 45,000 धरली आणि बाजूला एक खूण केली. हे अनुदान आलंच नाही तर काय, हे शेवटी बघू, असं सांगून पुढं गेले.

गाळ्यांचं भाडं, बाजाराची जागा आणि दाखल्यांची फी मिळून 60,000. यात कुणाचा वाद नव्हता.

म्हणजे ग्रामनिधीची जमा: करांचे 4,30,000, इतर 60,000, मुद्रांक शुल्काचे 45,000. एकूण 5,35,000.

पाण्याचा रकाना

सभेत सर्वांत जास्त वेळ पाण्यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

नळजोडणीला वर्षाला 1,200 रुपये पाणीपट्टी. 480 जोडण्यांची मागणी 5,76,000. जमा होतात 2,88,000, म्हणजे बरोबर निम्मे. खर्चाची बाजू सरपंचांनी एकेक करून मांडली. विहिरीवरच्या पंपाचं वीजबिल महिना 14,000, वर्षाचं 1,68,000. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं वेतन महिना 9,000, वर्षाचं 1,08,000. मोटार भरणं, व्हॉल्व्ह, गळती काढणं यासाठी 70,000. आणि टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, 14,000.

टीसीएलवर एका तरुणानं शंका घेतली. चौदा हजारांची पावडर कुठं लागते, टाकीत तर कधी टाकताना दिसत नाही. सरपंचांनी हिशेब त्याच्याकडूनच करून घेतला. गावाला रोज दीड लाख लिटर पाणी लागतं. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे दिवसाला पाऊण किलो, वर्षाला साधारण पावणेतीनशे किलो. "तुला साठा नोंदवहीत एवढी खरेदी आणि रोजचा एवढा वापर दिसला नाही, तर पुढच्या सभेत मला उभं कर." मुलगा सभा संपल्यावर खरंच नोंदवही बघायला थांबला. खरेदीचा आकडा आणि लोकसंख्येवरून निघणारी गरज यांत मोठी तफावत असेल तर काहीतरी चुकतंय, हे तपासायला लेखापरीक्षक असावं लागत नाही.

पाण्याचा एकूण खर्च 3,60,000. जमा 2,88,000. तूट 72,000, आणि ती ग्रामनिधीतून भरावी लागते.

मग फळ्याच्या कडेला सरपंचांनी एक छोटा भागाकार केला. 3,60,000 भागिले 480, बरोबर 750. प्रत्येक जोडणीमागं पाण्याचा खरा खर्च वर्षाला साडेसातशे रुपये. पट्टी बाराशे. लगेच मागून आवाज आला, "म्हणजे पट्टी जास्तच आहे की! कमी करा." पट्टी कमी करण्याचा ठराव त्या क्षणी मताला टाकला असता तर तो बहुमतानं पास झाला असता आणि पुढच्या उन्हाळ्यात पंपाची वीज तुटली असती. कारण आज बाराशे भरणारी 240 घरं 480 घरांचं पाणी चालवत आहेत. पट्टी साडेसातशे केली आणि वसुली निम्मीच राहिली तर जमा 1,80,000 होते, तूट 1,80,000.

सरपंचांनी उलट बाजूनं मांडणी केली. बाराशेच्या दरानं 300 घरांनी भरलं तर खर्च भागतो. आज 240 भरतात. फरक फक्त साठ घरांचा. साठ घरं वाढली तर तूट शून्यावर येते, आणि 420 घरं भरायला लागली तर दर कमी करण्याचा विषय पंचायत स्वतः मांडेल, असं त्यांनी सभेत बोलून दाखवलं आणि ठरावात लिहूनही घेतलं. टक्केवारीत 50 वरून 62.5 म्हटलं असतं तर कुणाच्या डोळ्यांपुढं काही आलं नसतं. साठ घरं म्हटल्यावर माणसं आळ्या मोजायला लागली.

थकबाकीदारांची नावं वाचा, अशी मागणी आलीच. सरपंचांनी नावं वाचली नाहीत, वॉर्डनिहाय आकडे वाचले. नावं वाचली की सभा तिथंच संपते, पुढचा अर्धा तास भावकीची भांडणं होतात आणि अर्थसंकल्प बाजूला राहतो. ज्याला यादी बघायची त्यानं कार्यालयात नोंदवही बघावी. मात्र एक यादी त्यांनी पूर्ण वाचली: सर्व सदस्यांच्या आणि स्वतःच्या कराच्या पावत्या, नमुना 10 च्या नंबरांसह. मागणी होऊनही तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, तेव्हा हे तसंही स्वच्छ असायलाच हवं. पण आधी स्वतःची पावती दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या साठ घरांबद्दल बोलण्यात जोर येत नाही.

वसुलीची कायदेशीर वाट आहे: आधी बिल, मग मागणी लेख, तरीही न भरल्यास जप्तीचं अधिपत्र. ती सभेत एका वाक्यात सांगून त्यांनी सोडून दिली. जप्तीची भाषा भर सभेत लांबवणं या गावात उपयोगाचं नव्हतं.

रस्ता

ग्रामनिधीचा खर्च मग भरभर झाला. शिपाई आणि सफाई कामगाराच्या वेतनाचा पंचायतीचा हिस्सा 1,68,000, दिवाबत्तीचं वीजबिल 54,000, दिव्यांची दुरुस्ती 20,000, कार्यालय 30,000, सभा आणि राष्ट्रीय सण 10,000, फवारणी आणि सफाई 25,000. एकूण 3,07,000. करांचे आणि इतर मिळून 4,90,000, त्यावर 30 टक्के राखीव हिस्से 1,47,000. दोन्ही मिळून 4,54,000. जमा 5,35,000 मधून वजा जाता 81,000 उरले, पाण्याची तूट 72,000 गेली, आणि ग्रामनिधीत वर्षअखेर उरतात नऊ हजार.

मघाची खूण आठवा. मुद्रांक शुल्क आलंच नाही तर हेच नऊ हजार उणे छत्तीस हजार होतात. म्हणून मागचे मोकळे 30,000 या वर्षी कुठल्याही कामाला न लावता तसेच ठेवायचं ठरलं. तरीही सहा हजार कमीच पडतात, ते दिव्यांच्या दुरुस्तीतून कापले जातील, हेही आधीच सांगून टाकलं.

राहिला रस्ता. 400 मीटरचं एस्टिमेट 11,00,000. ग्रामनिधीतून काही नाही, म्हणजे आशा वित्त आयोगावर. वर्षाला 12,00,000 येतील असं धरलं होतं. त्यातले 60 टक्के बंधित, 7,20,000: निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. 40 टक्के अबंधित, 4,80,000. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर ते खर्च करता येत नाहीत. जुने मोकळे 80,000 धरून अबंधित 5,60,000 होतात. आराखड्यात शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे बदलण्याचं 1,60,000 चं काम आधीच होतं. उरले 4,00,000.

400 मीटरला अकरा लाख, म्हणजे मीटरला 2,750. चार लाखांत 145 मीटर. देवळापर्यंतची निम्मी वाटही नाही. सभेत नाराजी पसरली.

इथं बचतगटातल्या एका ताईंनी विचारलं, "एस्टिमेटमध्ये गटार धरलंय का?" धरलं होतं. रस्त्याच्या कडेनं घरांचं सांडपाणी वाहून नेणारं गटार आणि शेवटी शोषखड्डा, मिळून 2,60,000. ताईंचा मुद्दा साधा होता: खालच्या आळीतलं सांडपाण्याचं काम बंधित पैशांतून होतंय, मग हे का नाही?

प्रश्न बरोबर होता आणि मसुदा करताना तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. स्वच्छतेच्या बंधित हिश्श्यात नवे 3,60,000 आणि जुने मोकळे 80,000, मिळून 4,40,000. त्यात घंटागाडी आणि शोषखड्ड्यांसाठी 1,50,000 ठरलेले. उरलेल्या 2,90,000 मध्ये 2,60,000 चं गटार बसतं. गटार बाहेर काढलं की रस्ता 8,40,000 चा होतो, मीटरला 2,100, आणि त्याच चार लाखांत 190 मीटर. पंचेचाळीस मीटर वाढले, एक रुपयाही न वाढवता.

पण इथं घाई केली तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. गटार आणि रस्ता यांचं एस्टिमेट वेगळं, तांत्रिक मान्यता वेगळी, मोजमाप वेगळं आणि बिल वेगळं असावं लागतं. गटाराच्या बिलात काँक्रीटचा एक मीटर रस्ता घुसला तरी बंधित पैसा अबंधित कामाला वापरल्याचा शेरा बसतो. दोन्ही कामं विकास आराखड्यातही वेगवेगळी दिसायला हवीत, कारण आराखड्यात नसलेल्या कामाचा पैसा ऑनलाइन निघतच नाही. आणि क्रम उलटा करायचा नाही: आधी गटार, मग रस्ता. नाहीतर नवा रस्ता फोडून गटार खणावं लागतं.

माजी सदस्यांनी आणखी एक वाट सुचवली. पाण्याच्या बंधित हिश्श्यातून पंपाचं वीजबिल भरा, ग्रामनिधीचे 72,000 सुटतील. पाणीपुरवठ्याच्या देखभालीला हा निधी चालतो, त्यामुळं सूचना बेकायदा नव्हती. सरपंचांनी तरी ती घेतली नाही. वीजबिल दर महिन्याला येतं, वित्त आयोगाचा हप्ता कधी येईल याचा नेम नसतो. हप्ता लांबला आणि ग्रामनिधीत पाण्यासाठी पैसे ठेवलेलेच नसले तर एप्रिल-मे महिन्यात पंप बंद पडतो. तूट ग्रामनिधीतच दाखवायची, हप्ता वेळेत आला तर वर्षाच्या मधे पुनर्विनियोजन करून, नमुना 2 भरून आणि मंजुरी घेऊन, तो पैसा दिव्यांकडे वळवायचा. अंधारातल्या खांबावाल्या काकूंनी हे लिहून घ्यायला लावलं.

कोणते 190 मीटर आधी, यावर पाऊण तास गेला. देवळाच्या बाजूनं सुरुवात करा, असं बहुतेकांचं म्हणणं. पाणी साचतं ते शाळेसमोर, हे सगळ्यांना मान्य. शेवटी ठराव शाळेपासून सुरू करण्याचा झाला, कारण गटाराचा उतार शाळेकडून ओढ्याकडं आहे आणि गटार ज्या भागात होईल त्याच भागात रस्ता करणं शहाणपणाचं. उरलेल्या 210 मीटरला 4,41,000 लागतील, हा आकडाही ठरावात गेला. मात्र कोणत्या वर्षी होईल ते लिहिलं नाही. 2026-27 पासून नवा वित्त आयोग लागू होणार होता, त्याचे निकष काय असतील ते सभेत कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि न मिळालेल्या पैशावर तारीख टाकायला सरपंचांनी नकार दिला.

ठराव लिहिताना ग्रामसेवकांनी सवयीनं "अर्थसंकल्प वाचून दाखवण्यात आला, सर्वानुमते मंजूर" असं एक वाक्य लिहिलं. सरपंचांनी ते थांबवून पाच बदल वेगवेगळे लिहवले: कराची जमा 4,30,000, मुद्रांक शुल्क 45,000, गटार बंधितमधून स्वतंत्र काम, रस्ता 190 मीटर शाळेपासून, आणि पाणीपट्टीच्या दराची 420 घरांची अट. दोघांचा विरोध होता, तोही नोंदवला.

फळा दुसऱ्या दिवशी वर्गात परत गेला. त्याआधी चारही रकाने एका मोठ्या कागदावर उतरवून कार्यालयाच्या भिंतीवर लावले गेले, प्रत्येक आकड्याखाली दोन रिकाम्या ओळी सोडून. पहिलीत 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत प्रत्यक्ष आलेले पैसे भरायचे, दुसरीत 26 जानेवारीपर्यंतचे. पाण्याच्या रकान्याखाली रुपये नाहीत, घरं लिहायची आहेत. तिथं आत्ता 240 लिहिलेलं आहे.